पुढच्या वर्षाच्या बजेटचं परिपत्रक आलं: अंदाजाचे फॉर्म नीट कसे भरायचे

बजेटचं परिपत्रक आलं की बहुतेक ऑफिसात एकच गोष्ट होते, साहेब त्यावर "तातडीने कार्यवाही करावी" असं लिहून ते खाली मार्क करतात, खालचा माणूस शेवटची तारीख बघतो आणि मागच्या वर्षीची एक्सेल फाइल उघडून सगळ्याच आकड्यांत दहा टक्के वाढवून टाकतो. फॉर्म जातो वेळेत, पण वर छाननीला बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो की हे असंच भरलंय, कारण सगळ्या ओळी एकाच प्रमाणात वाढलेल्या असतात आणि शेऱ्याचा कॉलम रिकामा असतो. मग तोही तसंच करतो, सरसकट कापतो. आणि सरसकट कापताना ज्याचे पैसे खरंच लागणार होते तेही कापले जातात.

म्हणून इथे मी पगाराचा फॉर्म धरून सगळं सांगतो, कारण बहुतेक ऑफिसांचा मोठा खर्च तोच असतो आणि परिपत्रकातले दर नि तारखा सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. पगाराचं जमलं की बाकीच्या ओळी त्याच पद्धतीने सुटतात.

आधी परिपत्रक कुठून वाचायचं

मुख्य पत्र दोन पानी असतं आणि त्यात "काटकसर करावी, अवास्तव मागणी करू नये" छापाचं बरंच असतं, ते वाचा पण खरी माहिती मागच्या परिशिष्टांत असते. त्यातली दोन परिशिष्टं प्रिंट काढून समोर ठेवा, एक दरांचं आणि एक तारखांचं. दरांच्या परिशिष्टात महागाई भत्ता किती टक्क्यांनी आणि कुठल्या महिन्यापासून धरायचा, वेतनवाढ किती धरायची, रिक्त पदांचं काय करायचं, वीज-इंधन-भाडं यांना किती वाढ चालेल हे असतं.

तारखांच्या परिशिष्टात लोक फक्त "सादर करण्याची अंतिम तारीख" शोधतात. पण तिथे सहसा तीन वेगवेगळ्या प्रकारच्या तारखा असतात आणि त्या एकमेकांत मिसळल्या की अख्खा फॉर्म चुकतो. एक तारीख पदांच्या स्थितीची, म्हणजे अमुक दिवशी किती पदं मंजूर, किती भरलेली, किती रिक्त होती ते दाखवायचं. दुसरी प्रत्यक्ष खर्चाची, म्हणजे चालू वर्षाच्या कितव्या महिन्यापर्यंतचा खरा खर्च लिहायचा आणि कुठून पुढे अंदाज सुरू करायचा. आणि तिसरी फॉर्म पोचवायची. तुम्ही फॉर्म भरायला बसेपर्यंत एखादा माणूस बदलून गेलेला असतो, तरी पदांच्या विवरणात तो स्थितीच्या तारखेला होता तर आहेच. त्याच्या जाण्याचा परिणाम पैशांच्या हिशोबात दाखवा आणि शेऱ्यात लिहा, पण विवरणातली संख्या हलवू नका, नाहीतर तुमची पदसंख्या आस्थापना शाखेच्या यादीशी जुळत नाही आणि फॉर्म परत येतो.

अजून एक, नवीन बाबींची (नवं पद, नवी योजना, नवं वाहन) शेवटची तारीख बऱ्याचदा चालू खर्चापेक्षा आधीची असते कारण त्यांना वेगळी मंजुरी लागते. त्या चालू खर्चाच्या फॉर्ममध्ये घुसवायचा मोह होतो, तारीख गेलेली असली की जास्तच होतो. करू नका, छाननीत ती ओळ सरळ शून्य होते आणि मग तुमच्या बाकीच्या ओळींकडेही संशयाने बघायला लागतात.

कॉलम

फॉर्ममध्ये साधारण हे कॉलम असतात: मागच्या वर्षांचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज आणि शेरा. डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने भरायचे. कारण पुढच्या वर्षाचा आकडा सुधारित अंदाजाशी ताडून बघतात आणि सुधारित अंदाज प्रत्यक्ष खर्चाशी, त्यामुळे सुरुवातच चुकली तर पुढचं सगळं चुकतं.

प्रत्यक्ष खर्चाचा आकडा स्वतःच्या रजिस्टरमधून उचलण्याआधी लेखा कार्यालयाशी ताळमेळ करून घ्या. तुमचं एखादं बिल तिकडे भलत्याच लेखाशीर्षाखाली पडलेलं असू शकतं, आणि वरचे लोक त्यांच्याकडचा आकडा खरा धरतात, तुमचा नाही.

उदाहरण: वीस पदांचं एक ऑफिस

समजा मंजूर पदं 20, स्थितीच्या तारखेला भरलेली 17, रिक्त 3. सतरा जणांचं मिळून महिन्याचं मूळ वेतन 6,80,000. महागाई भत्ता सध्या 20 टक्के, म्हणजे महिन्याला 8,16,000 जातात. बाकीचे भत्ते सोडून देतो, त्यांचं गणित असंच आहे. परिपत्रकाने सात महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च मागितलाय. (दर सगळे उदाहरणासाठी धरलेले आहेत, तुमच्या परिपत्रकात जे असतील ते घ्या.)

पहिल्यांदा चालू वर्षाचा सुधारित अंदाज. सात महिन्यांत 59,88,000 खर्च झालेत. आता इथे जवळजवळ सगळेच सातने भागून बारानं गुणतात आणि उत्तर येतं 1,02,65,000 च्या आसपास. पण रजिस्टर उघडून महिन्यागणिक बघितलं तर दिसतं की पहिले चार महिने 7,80,000 प्रत्येकी गेले, मग वेतनवाढ नि भत्त्याची वाढ लागून पुढचे तीन महिने 8,16,000 प्रत्येकी, आणि मध्ये एकदाच 4,20,000 थकबाकी दिली गेली. थकबाकी दर महिन्याला येत नाही, ती बारानं गुणायची गोष्टच नाही. म्हणून झालेला खर्च आहे तसा ठेवायचा आणि उरलेले पाच महिने सध्याच्या दराने धरायचे: 5 गुणिले 8,16,000 म्हणजे 40,80,000. बेरीज 1,00,68,000. हा सुधारित अंदाज. भागाकार-गुणाकाराच्या आकड्यापेक्षा जवळपास दोन लाखांनी कमी, आणि हे दोन लाख वर्ष संपताना परत करावे लागले असते, शिवाय वेळेत परत केले नाहीत म्हणून खुलासाही द्यावा लागला असता.

उरलेल्या पाच महिन्यांत आणखी कुठली थकबाकी किंवा भत्त्याची वाढ येणार असेल आणि तिचा आदेश निघाला असेल तर ती घाला. आदेश नसेल आणि परिपत्रकातही उल्लेख नसेल तर "बहुतेक होईल" म्हणून घालायची नाही.

आता पुढचं वर्ष. परिपत्रक म्हणतं वेतनवाढ 3 टक्के चौथ्या महिन्यापासून, महागाई भत्ता चौथ्या महिन्यापासून 24 टक्के. इथे सगळ्यात बारीक गोष्ट आहे, जी परिपत्रकात लिहिलेली नसते कारण लिहिणाऱ्याला ती माहीतच आहे असं तो धरतो. आपल्या उदाहरणातल्या ऑफिसात महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला होतो. बजेट पैसे जाण्याच्या महिन्याने चालतं. म्हणजे पुढच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात जो पगार जाणार तो चालू वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा. आणि चौथ्या महिन्यापासून लागू झालेला दर प्रत्यक्ष पैशांत दिसणार पाचव्या महिन्यात. त्यामुळे जुन्या दराचे चार महिने, नव्या दराचे आठ. नऊ नाही. तुमच्याकडे पगार त्याच महिन्याच्या शेवटी होत असेल तर जुन्या दराचे तीन आणि नव्याचे नऊ, तेव्हा आधी आपल्याकडे काय आहे ते पक्कं करा.

मूळ वेतन: पहिले चार महिने 6,80,000 प्रमाणे 27,20,000. नंतरचे आठ महिने 3 टक्के वाढून 7,00,400 प्रमाणे 56,03,200.

सतरातला एकजण पुढच्या वर्षी पाचव्या महिन्याच्या शेवटी रिटायर होतोय, त्याचं मूळ वेतन 60,000, वाढीनंतर 61,800. त्याचा शेवटचा पगार सहाव्या महिन्यात जाईल, म्हणून सातव्यापासून बाराव्यापर्यंत सहा महिने वजा करायचे, 3,70,800. हे वजा करायला लोक का विसरतात माहीत नाही, सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिलेली असते आणि रिटायरमेंटची यादी आस्थापना शाखेकडे तयार असते. त्याच्या जागी लगेच दुसरा येईल असं धरू नका, आदेश असेल तरच. रजेचे पैसे आणि निवृत्तीचे लाभ या ओळीत येतात की वेगळ्या लेखाशीर्षाखाली हे परिपत्रकात बघा, बहुतेक ठिकाणी वेगळं असतं.

वजाबाकी करून मूळ वेतन झालं 79,52,400. त्यातले पहिल्या चार महिन्यांचे 27,20,000, त्यावर भत्ता 20 टक्के म्हणजे 5,44,000. उरलेल्या 52,32,400 वर 24 टक्के, 12,55,776. मूळ वेतन नि भत्ता मिळून 97,52,176.

मग रिक्त पदं. तीन रिक्त आहेत. परिपत्रकात साधारण असं असतं की भरतीची प्रक्रिया पूर्ण होऊन नेमणुकीचा आदेश निघालाय अशीच पदं धरा, बाकीची फक्त विवरणात दाखवा. आपल्याकडे एकाचा आदेश निघालाय, तो तिसऱ्या महिन्यात हजर होणार, सुरुवातीचं मूळ वेतन 30,000. तिसऱ्या महिन्याचा पगार चौथ्यात, म्हणजे वर्षात नऊ पगार, 2,70,000. भत्ता पहिल्या पगाराला 20 टक्के आणि पुढच्या आठांना 24, मिळून 63,600. वेतनवाढ त्याला या वर्षी लागणार नाही, सतराजणांच्या बेरजेत त्याला टाकून त्यालाही 3 टक्के लावू नका. त्याचे एकूण 3,33,600.

सगळं मिळून 1,00,85,776.

आता हा आकडा सुधारित अंदाजाशेजारी ठेवा. 1,00,68,000 आणि 1,00,85,776. वेतनवाढ झाली, भत्ता चार टक्क्यांनी वाढला, एक नवा माणूस आला, तरी वाढ जेमतेम अठरा हजारांची! बघणाऱ्याला वाटेल काहीतरी राहिलंय, आणि साहेबांना तर नक्कीच वाटेल. पण कारण सरळ आहे, चालू वर्षात 4,20,000 ची थकबाकी होती जी पुढे नाही, आणि रिटायर होणाऱ्याचे सहा महिने कमी झाले. हे शेऱ्यात लिहायचं, त्यासाठीच तो कॉलम आहे.

सुधारित अंदाजावर दहा टक्के टाकले असते तर 1,10,74,800 आले असते, म्हणजे जवळपास दहा लाख जास्त. आणि जे लोक "सुरक्षित राहू" म्हणून वीसच्या वीस पदं बारा महिने नव्या दराने धरतात त्यांचा आकडा 1,17,61,152 पर्यंत जातो. छाननीवाला मग तुमची भरलेली पदं मोजतो, आकडा जुळत नाही, आणि आधी मान्य झालेल्या पदांवरही प्रश्न काढतो.

शेरा कसा लिहायचा

"वाढत्या महागाईमुळे" किंवा "आवश्यकतेनुसार" असं लिहिलेला शेरा म्हणजे शेरा नाही. वरच्या उदाहरणाला मी असा लिहीन: "भरलेली 17 पदे. वेतनवाढ व भत्ता परिशिष्टातील दराने, प्रदानाच्या पाचव्या महिन्यापासून. 1 सेवानिवृत्त, 6 महिने वजा. 1 नवीन नेमणूक, आदेश सोबत, 9 महिने. चालू वर्षातील थकबाकी 420 हजार पुढील वर्षी नाही." पाच वाक्यं, पण वाचणाऱ्याला कॅल्क्युलेटर घेऊन तुमचा आकडा परत काढता येतो. त्याला तो काढता आला की तो कापत नाही, निदान कारण विचारल्याशिवाय कापत नाही.

दर कशाला लावायचा, कशाला नाही

पगाराबाहेर दरांची गफलत सगळ्यात जास्त कंत्राटांत होते. परिपत्रक म्हणतं सेवांवर 6 टक्के वाढ धरा. पण तुमच्या सिक्युरिटीच्या कंत्राटाचा दर ठरलेला आहे, महिन्याला 50,000, आणि ते पुढच्या वर्षी आठव्या महिन्यापर्यंत चालणार. तोपर्यंत वाढ लावायचं काही कारणच नाही, ठेकेदाराला तुम्ही जास्त देणारच नाही आहात. आठ महिने 50,000 प्रमाणे 4,00,000, आणि नवीन कंत्राटाच्या चार महिन्यांना 53,000 प्रमाणे 2,12,000. एकूण 6,12,000. भाड्याच्या जागेचंही तसंच, करारनाम्यात वाढ कधी आणि किती लिहिलीय ते बघायचं, परिपत्रकातला टक्का करार संपल्यानंतरच्या काळापुरता.

विजेला उलटं आहे. तिथे मागच्या बिलांची रक्कम घेऊन तिच्यावर टक्का लावला की थकलेलं बिल, दंड, मागच्या वर्षीचं राहिलेलं बिल सगळं त्यात येऊन बसतं. त्यापेक्षा बारा महिन्यांची युनिट काढा, आणि परिपत्रकात दिलेल्या दराने गुणा. गाड्यांच्या इंधनालाही लिटर काढा आणि परिपत्रकातला भाव घ्या, पंपावर आज जो भाव आहे तो नाही, कारण वर सगळ्या विभागांची तुलना एकाच भावाने करतात. भाव कमी वाटत असेल तर शेऱ्यात लिहा, आकडा मात्र त्यांच्याच दराने.

ज्या बाबीचा दर परिपत्रकात नाही तिथे मागच्या खरेदीचा दर किंवा ताजं कोटेशन घ्या आणि कशावरून घेतला ते लिहा.

हजारात, निरंक आणि असल्या बारीक गोष्टी

आकडे हजारात मागितले असतील तर हजारातच, 1,00,85,776 चे 10,086 होतात. एका ओळीत पूर्ण रुपये आणि बाकी हजारात असला की बेरीज हजार पटींनी बिघडते, आणि हे दरवर्षी कोणीतरी करतंच. राउंडिंग हाताने करू नका, आणि दिसण्यापुरतं फॉरमॅट बदलून तर नकोच, कारण तेव्हा आत पूर्ण आकडा तसाच राहतो आणि गोषवाऱ्याची बेरीज एक-दोनने चुकलेली दिसते. प्रत्येक ओळीला सूत्र लावा आणि बेरीज त्या राउंड केलेल्या ओळींची घ्या:

```
=ROUND(B12/1000,0)
```

जो फॉर्म तुम्हाला लागू नाही तो कोरा सोडू नका, "निरंक" लिहून सही करून पाठवा. कोरा फॉर्म म्हणजे माहिती आली नाही असं धरतात, आणि तुमच्या एका निरंकासाठी अख्ख्या विभागाचा गोषवारा अडकून राहतो.

तारखा उलट्या मोजा

परिपत्रकातली तारीख ही सहसा विभागाने वर पाठवायची असते, तुमच्या ऑफिसने विभागाला पाठवायची नाही. म्हणून तिथून मागे यायचं. विभागाला सगळ्या ऑफिसांचं एकत्र करायला निदान आठवडा लागतो, त्याआधी तुमच्या साहेबांच्या सहीला दोन-तीन दिवस (दौरा असला तर जास्त), त्याआधी ताळमेळ, आणि ताळमेळाला किती दिवस लागतील ते तुमच्या हातात नाही, म्हणून परिपत्रक आलं त्याच दिवशी ताळमेळाचं पत्र टाकायचं. पदांचं विवरणही त्याच दिवशी आस्थापना शाखेकडे मागायचं. फॉर्म भरणं हे खरं तर दोन दिवसांचं काम आहे, वेळ जातो तो या दोन कागदांची वाट बघण्यात.

ऑनलाइन सिस्टिम असेल तर ती ठरलेल्या वेळी लॉक होते आणि शेवटच्या दिवशी चालत नाही असा सगळीकडचा अनुभव आहे. एक दिवस आधी एन्ट्री करा आणि पावतीचा प्रिंट फाइलला लावा. तारीख चुकली तर वर कोणी थांबत नाही, ते मागच्या वर्षीची तरतूद किंवा स्वतःचा अंदाज टाकून पुढे जातात आणि मग वर्षभर तुम्ही पुरवणी मागणीच्या मागे.

फॉर्म गेल्यावर काही मोठं बदललं, म्हणजे चार बदल्या झाल्या किंवा एखाद्या कोर्टाच्या आदेशाने थकबाकी लागली, तर फोनवर सांगून भागत नाही. आधीच्या पत्राचा जावक क्रमांक घालून फक्त बदललेल्या ओळींचं सुधारित पत्र पाठवा, जुना आकडा, नवा आकडा, फरक आणि कारण. अख्खा फॉर्म नव्याने पाठवला तर वर दोन फॉर्म होतात आणि कुठला धरला गेला ते कोणालाच कळत नाही.

आणि ज्या शीटवर गणित केलं ती शीट फॉर्मसोबत नाही मागितली तरी जपून ठेवा, माणसागणिक मूळ वेतन, वेतनवाढीचा महिना, रिटायरमेंटची तारीख अशी एक ओळ प्रत्येकाची. बजेटच्या चर्चेला बोलावलं की हीच शीट, नेमणुकीचा आदेश, कंत्राटाची प्रत आणि ताळमेळाचं पत्र एवढंच घेऊन जायचं. तिथे "हे 12 लाख कसे काढले?" असं विचारतात, त्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे.